१५० वर्षांचा चरखा आणि आज्जीचा एक प्रश्न

(या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा. बोलण्याची भाषा जशीच्या तशी ठेवली आहे, फक्त 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' थोडे कमी केलेत.)

आजचा भाग माझ्या फसगतीबद्दल आहे.

मागच्या वर्षी आम्ही फ्लॅट घेतला. हॉलमध्ये टीव्हीशेजारचा एक कोपरा रिकामा होता आणि तिथे 'काहीतरी जुनं' हवं असं डोक्यात बसलं होतं. जुन्या वस्तूंच्या एका दुकानात लाकडी चरखा दिसला. गडद तपकिरी, कडा झिजलेल्या, ठिकठिकाणी किड्यांची भोकं. दुकानदार म्हणाला, "१५० वर्षं जुना आहे, सागवान आहे." १६ हजार दिले आणि गाडीत घालून घरी आणला.

वास्तुशांतीला आज्जी आली, म्हणजे आईची आई. इचलकरंजीजवळच्या गावात मामाकडे असते. वय ८२. तिच्या लहानपणी शाळेत मूलोद्योग असायचा, त्यामुळे टकळीवर आणि चरख्यावर तिने सूत कातलंय. तिने चरख्याचं चाक एकदा फिरवलं, मूठ चाचपली आणि विचारलं, "ह्याला हात कुठं लागलाय रं?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे कुणी सूत काढलंच न्हाई ह्याच्यावर."

बाकी लोक जेवायला बसले आणि मी मोबाइलचा टॉर्च घेऊन चरख्याखाली झोपलो. तिथून हा प्रकार सुरू झाला. नंतर सहा महिने एका सुतार काकांच्या मागे लागून, जुनी लाकडं बघत जे शिकलो ते आज सांगतो. शेवटी मामाच्या घरचा माग येईल, कारण खरी परीक्षा तिथे झाली.

आधी वस्तूचा जन्म बघा

लाकडाकडे बघण्याआधी एक सोपा प्रश्न विचारायचा. ही रचना मुळात कधी जन्मली?

पेटी चरखा तुम्ही पाहिला असेल. सुटकेससारखा उघडतो, आत एक मोठं आणि एक लहान चाक, बंद केला की काखेत मारून न्यायचा. अखिल भारत चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच सुमाराला, १९३० मध्ये, गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते आणि घडीच्या पेटी चरख्याला तिथे रूप आलं. म्हणून त्याला येरवडा चरखा असंही नाव आहे. आता कुणी तुम्हाला '१५० वर्षांचा पेटी चरखा' दाखवला, तर लाकूड तपासायची गरजच नाही. ती रचनाच तेवढी जुनी नाही. आणि पेटी चरखे आजही बनतात, त्यामुळे पेटी चरखा आहे म्हणून तो गांधीजींच्या काळातला, हेही खरं नाही.

माझा चरखा पेटीचा नव्हता. खाली जाड पाट, त्यावर दोन खांब, खांबांमध्ये मोठं चाक. समोरच्या टोकाला दोन लहान खुंट, त्यांच्यामध्ये लोखंडी चाती. चाकावरून चातीवर जाणारी दोरी म्हणजे माळ. ही रचना शेकडो वर्षं जुनी आहे, त्यामुळे रचनेवरून काहीच कळत नव्हतं. मग झीज बघायला लागते.

झीज कुठे असायला पाहिजे?

आज्जीचा प्रश्न इथे लागू होतो. झीज 'आहे का' हे विचारायचं नाही. 'ती जिथे असायला पाहिजे तिथेच आहे का' हे विचारायचं.

सूत कातणारी बाई जमिनीवर बसते. उजव्या हाताने चाक फिरवते आणि डाव्या हाताने पेळूमधून धागा ओढत नेते. म्हणजे उजव्या हाताची मूठ रोज हजारो वेळा फिरणार. ती मूठ गुळगुळीत पाहिजे, आणि नुसती गुळगुळीत नाही, बोटं जिथे वळतात तिथे किंचित आत गेलेली पाहिजे. माझ्या चरख्याची मूठ टोकापासून बुडापर्यंत सारखीच होती. उलट मुठीच्या मागे, जिथे बोट जाऊच शकत नाही, तिथली कडाही 'झिजलेली' होती. हात असं करत नाही. पॉलिश पेपर करतो.

दुसरी जागा आसाचं भोक. चाकाचा आस दोन खांबांतल्या भोकांत फिरतो. त्याच्यावर दोन जोर असतात. चाकाचं वजन खाली ओढतं आणि माळेचा ताण चातीच्या बाजूला ओढतो. दोन्ही मिळून भोक तिरकं, खाली आणि चातीच्या दिशेने झिजणार. वर्षानुवर्षं वापरलेल्या चरख्याचं भोक गोल राहत नाही, लांबट होतं, आणि त्या लांबटपणाला दिशा असते. आतली बाजू काळपट आणि तेलकट चकाकते. कॉलेजात फोर्स डायग्रॅम काढायचो तेव्हा वाटायचं याचा उपयोग काय. हा बघा. मी आस काढून टॉर्च मारला तर भोक पूर्ण गोल, आणि आत ड्रिलचे ताजे वळसे.

तिसरी जागा चाती. ती खुंटांवरच्या चामड्याच्या किंवा दोऱ्याच्या पट्ट्यांमध्ये फिरते. पट्ट्या झिजल्या की बदलतात, त्यामुळे त्या नव्या असल्या तरी शंका घेऊ नका. पण पट्टी अडकवायच्या खाचेची कड घासलेली असते आणि चातीवर माळ जिथे बसते तिथे लोखंड उजळलेलं असतं. माझ्या चातीवर एकसारखा गंज होता. चारही बाजूंनी छान एकसारखा गंजलेली चाती फिरत नव्हती, एवढंच त्यातून कळतं.

सांधे खोटं कमी बोलतात

लोक वरून रंग देतात, कडा घासतात, पण सांध्याच्या आत कुणी फारशी मेहनत घेत नाही. म्हणून सुतार काका सगळ्यात आधी सांधाच बघतात.

जुन्या चरख्याचा खांब पाटात कसा बसवलेला असतो? पाटाला चौकोनी भोक पाडायचं, खांबाच्या टोकाला त्यात बसेल अशी जीभ काढायची, तिला कुसू म्हणतात. मग आडवी लाकडी खुंटी ठोकायची किंवा खालून पाचर मारायची. पाट उलटा केला की हे सगळं दिसतं. पटाशीने पाडलेल्या भोकाच्या भिंतींवर टप्प्याटप्प्याचे घाव असतात आणि कोपरे चौकोनी असतात. यंत्राने पाडलेल्या भोकाचे कोपरे गोल राहतात किंवा तळाला ड्रिलच्या टोकाचा खड्डा दिसतो.

खुंटीवरून बोट फिरवा. लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ आकसत नाही, आडवं मात्र आकसतं. खुंटी खांबात आडवी जाते, म्हणजे खांब वाळून बारीक होतो आणि खुंटीची लांबी तेवढीच राहते. म्हणून जुन्या सांध्यात खुंटीचं टोक बोटाला किंचित वर आलेलं लागतं. माझ्याकडे खुंट्या होत्या, पण अगदी सपाट. मुद्दाम एक ओढून बघितली. आत पांढऱ्या सुतारी गोंदाची वाळलेली पापडी निघाली. हा गोंद आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरचा आहे.

पण थांबा, इथे घाई करू नका. गोंद किंवा स्क्रू फक्त स्वतःची तारीख सांगतो. जुना सांधा ढिला झाला म्हणून नंतर कुणी गोंद लावला असेल. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो १९३०च्या दशकाच्या आधीचा नाही हे नक्की, पण चरखा आधीचा असू शकतो. फाइलच्या 'शेवटचा बदल' या तारखेवरून फाइल कधी बनली ते कळत नाही, तसंच. दुरुस्ती एखाद्या जागी असते. माझ्या चरख्यात सगळ्याच सांध्यांत तोच गोंद, तेच गोल कोपरे होते. ती दुरुस्ती नव्हती, ती बांधणीच होती.

करवतीच्या खुणाही बघा, विशेषतः पाटाच्या खालच्या बाजूला, जिथे रंधा मारायचे कष्ट कुणी घेत नाही. हाताच्या करवतीच्या रेघा थोड्या वाकड्या, कमी-जास्त अंतराच्या असतात. गोल पात्याच्या यंत्राने कापलं तर कमानीसारख्या रेघा उठतात. माझ्या पाटाखाली स्पष्ट कमानी होत्या.

मग लाकूड तर जुनं दिसत होतं ना?

हो. आणि माझी मुख्य फसगत इथेच झाली. लाकूड खरंच जुनं होतं. चरखा जुना नव्हता.

पाटाच्या खालच्या बाजूला एक बुजवलेलं चौकोनी भोक होतं, ज्याचा चरख्याशी काही संबंध नव्हता. म्हणजे ती फळी आधी दुसऱ्या कशाचा तरी भाग होती. दाराची चौकट, वासा, काहीही. जुनी घरं पडतात, त्यांचं सागवान विकलं जातं आणि त्यातून 'जुन्या' वस्तू बनतात. यात गैर काही नाही, उलट चांगलं लाकूड वाया जात नाही. फक्त किंमत सांगताना लाकडाचं वय वस्तूला चिकटवतात.

किड्यांच्या भोकांनी तर सगळं उघडं पाडलं. किडा लाकडाच्या आत पोखरत फिरतो आणि शेवटी एक छोटं गोल भोक पाडून बाहेर उडतो. म्हणजे पृष्ठभागावर आपल्याला फक्त गोल ठिपके दिसायला हवेत, साधारण एक-दोन मिलिमीटरचे. माझ्या खांबावर ठिपके होतेच, पण लांब उघड्या नाल्याही होत्या, जणू बोगद्याचं छप्पर काढून टाकलंय. किडा असा पृष्ठभागावरून नाली खणत जात नाही. याचा अर्थ लाकूड आधी पोखरलं गेलं आणि नंतर ते कापून, घासून खांब केला.

खोटी भोकं ओळखायची तर बारीक तार घालून बघा. ड्रिलने पाडलेल्या भोकात तार सरळ जाते आणि थांबते. खऱ्या भोकात ती वाकते, अडकते. आणि खरी भोकं म्हणजे जुनं, असंही नाही. सागाचा बाहेरचा फिकट भाग असेल तर किडे नव्या लाकडालाही लागतात.

रंगासाठी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून लपलेल्या जागी हळूच पुसा. तपकिरी रंग उतरला आणि खालून फिकट लाकूड दिसलं तर तो लावलेला रंग आहे. पण हे लाखेच्या रंगीत कामावर अजिबात करू नका. पंजाबी पद्धतीच्या चरख्यांवर लाखेचं काम असतं आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. खरी वस्तू खराब कराल.

तर निकाल असा. लाकूड जुन्या घराचं, बांधणी अलीकडची, झीज पॉलिश पेपरची. दुकानदाराकडे फोटो घेऊन गेलो. त्याने पैसे परत दिले नाहीत. "शोपीस आहे साहेब," म्हणाला. शोपीस म्हणून सहा-सात हजार ठीक होते. वरचे नऊ-दहा हजार माझी फी समजतो.

मामाचा माग

दिवाळीत मामाचा फोन आला. मागच्या शेडमध्ये आजोबांचा हातमाग सुटा करून ठेवलेला होता. शेड पाडून मामेभावासाठी खोली बांधायची होती. हॉटेलांची सजावट करणारा एक माणूस सगळं सामान नऊ हजारांना न्यायला तयार होता. पावड्यांचे दिवे करणार, तुळयांचे बाक करणार. मामा म्हणाला, "तू बघतोस ना हे जुनं-बिनं? खरंच काही आहे का, का देऊन टाकू?"

मी शनिवारी पोचलो तेव्हा मामाने सामान 'चांगलं दिसावं' म्हणून एका पावडीला पॉलिश पेपर मारायला घेतला होता. "मामा, थांबा!" म्हणून मी जवळजवळ ओरडलोच. जुनी वस्तू तपासायच्या आधी घासू नका, धुऊ नका, तेल लावू नका. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा, बस्स.

मग एकेक भाग अंगणात मांडला. रचनेवरून सुरुवात केली. हत्या, म्हणजे फणी बसवलेली जी चौकट विणकर पुढेमागे मारतो, तिच्या दोन्ही टोकांना धोट्याच्या पेट्या होत्या. दोरी ओढली की धोटा या पेटीतून त्या पेटीत पळतो. हा उडता धोटा इंग्लंडमध्ये १७३३ चा, पण आपल्याकडे तो जोमाने पसरला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे घरात 'पणजोबांच्या पणजोबांचा माग' म्हणायचे, ते निदान या हत्याबद्दल खरं धरता येत नव्हतं.

सूत गुंडाळायची गोल तुळई सागाची होती. व्हर्निअरने एकाच जागी दोन दिशांनी मापली. एकीकडे ९६.४ मिलिमीटर, काटकोनात ९४.९. लाकूड वर्तुळाच्या रेषेत जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते केंद्राच्या दिशेने आकसतं. त्यामुळे अर्धवट ओल्या लाकडातून गोल कातलेली तुळई वाळल्यावर किंचित अंडाकृती होते. माझ्या चरख्याचे खांब दोन्हीकडून ६१.८ होते, अगदी गोल, कारण ते आधीच वाळलेल्या लाकडातून कातले होते. पण यावरून वर्षं मोजू नका. हे आकसणं पहिल्या काही वर्षांतच होऊन जातं. तुळई अंडाकृती आहे एवढ्यावरून ती कातली तेव्हा लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं, इतकंच कळतं.

मग झीज. उडत्या धोट्याच्या मागावर विणकर उजव्या हाताने दोरी ओढतो आणि डाव्या हाताने हत्या मारतो. हत्याच्या वरच्या दांड्यावर मधोमध, किंचित डावीकडे, एक वीतभर जागा काचेसारखी गुळगुळीत होती आणि थोडी खोल गेली होती. बाकीचा दांडा खरखरीत. धोटा ज्या पट्टीवरून पळतो तिच्यावर केसाएवढ्या बारीक आडव्या खाचा होत्या, शेकडो. ताण्याचे धागे लाकडावर घासून घासून पडलेल्या. पॉलिश पेपरने अशा खाचा पडत नाहीत, त्याने त्या जातात.

एका कोपऱ्यात लोखंडी पट्टी आणि स्क्रू होते, ते मामानेच लहानपणी मारलेले निघाले. एक उभा खांब बाभळीचा, बाकी तीन सागाचे, म्हणजे तोही कधीतरी बदललेला. हा माग एका तारखेचा नव्हताच. भाग मोडेल तसा बदलत गेलेला. खरा, वापरातला माग असाच असतो. सगळे भाग एकाच वयाचे, एकाच रंगाचे दिसले तर मला आता उलट शंका येते.

शेवटी पावड्या. मामाने एक घासली होती, दुसरी वाचली होती. त्या दुसऱ्या पावडीवर चवड्याच्या जागी खोलगट वाटी होती. मी मामाला दाखवत होतो की झीज एका बाजूला जास्त का असेल. आज्जी ओट्यावर बसून ऐकत होती. म्हणाली, "त्यांचा उजवा पाय जरा तिरपा पडायचा. चालतानाबी."

हे मला कुठल्याही मापाने कळलं नसतं.

मामाला मी जे कळलं तेच सांगितलं. माग १५० वर्षांचा नाही. उडत्या धोट्याच्या काळातला आहे, भाग वेगवेगळ्या वेळचे आहेत, नेमकं वर्ष सांगता येणार नाही. दुर्मिळ म्हणून त्याला मोठी किंमत येणार नाही. पण त्यावर माणसाने आयुष्यभर काम केलंय, हे सांध्यापासून पावडीपर्यंत लिहिलेलं आहे.

खोली तर बांधायचीच होती. मामाने खांब आणि तुळया त्या माणसाला दिल्या, साडेसहा हजारांत, आणि 'भाग वेगवेगळ्या काळातले' हे स्पष्ट सांगून. हत्या, धोटा आणि दोन्ही पावड्या ठेवल्या. घासलेली पावडी आज्जीने स्वतःजवळ ठेवून घेतली, का ते तिने सांगितलं नाही.

माझा चरखा अजून टीव्हीशेजारी आहे. कुणी विचारलं तर सांगतो, "लाकूड जुन्या वाड्याचं, चरखा परवाचा." तुम्ही दुकानात गेलात तर मुठीपासून सुरुवात करा, मग वस्तू उलटी करा. दुकानदार उलटी करू देत नसेल, तर तेवढंही उत्तर पुरेसं आहे.

तुमच्या घरी असं काही पडून असेल तर खालच्या बाजूचे आणि सांध्याचे फोटो पाठवा. पुढच्या भागात बघू. आणि प्लीज, घासू नका!